बायोडेटा एक, प्रोफाइल दुसरे : तारखा, पदनाम आणि दाव्यांचा मेळ

नव्या कंपनीचे नेमणूकपत्र हाती पडते. जुन्या कंपनीत राजीनामा सादर होतो. नव्वद दिवसांची नोटीस निम्म्याहून अधिक सरते आणि मग एके दिवशी पूर्ववृत्त पडताळणी करणाऱ्या संस्थेचा ई-मेल येतो. आपल्या लिंक्डइन प्रोफाइलवर आपण एकाच वेळी दोन कंपन्यांत कार्यरत असल्याचे दिसते, आपल्या बायोडेटात मात्र एकच नोकरी चालू आहे, तरी खुलासा करावा, एवढाच त्यातील मजकूर. जुनी जागा सुटलेली आणि नवी अद्याप पक्की न झालेली, अशा अवस्थेत हा ई-मेल वाचणाऱ्या उमेदवाराच्या पोटात गोळा आल्यास नवल नाही. बहुतेक वेळा त्याने काही लपविलेले नसते. जुनी नोकरी सोडताना प्रोफाइलवर तिची अखेरची तारीख भरायची राहून गेलेली असते, इतकेच.

व्यावसायिक ओळखीपाळखीसाठी २००३ मध्ये सुरू झालेले आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेले लिंक्डइन हे संकेतस्थळ आज मुंबई-पुण्यातील नोकरदारांच्या परिचयाचे आहे. बायोडेटा मागितल्यावर द्यायचा असतो, तो एका विशिष्ट नोकरीसाठी लिहिलेला असतो आणि ठरावीक लोकच तो वाचतात. प्रोफाइल मात्र रात्रंदिवस उघडे असते. ते नवे वरिष्ठ पाहतात, जुने सहकारी पाहतात आणि पडताळणी संस्थेचा कर्मचारीही पाहतो. एकाच माणसाचे हे दोन वृत्तान्त वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मनःस्थितीत लिहिले गेलेले असतात. त्यामुळे त्यांच्यात तफावत पडते ती खोटेपणापेक्षा विस्मरणाने आणि आळसाने. वाचणाऱ्याला मात्र हा भेद बाहेरून ओळखता येत नाही.

तिसरा कागद

ही तफावत दूर करताना बहुतेक जण एक चूक करतात. ते बायोडेटा समोर ठेवून प्रोफाइल सुधारतात किंवा प्रोफाइल पाहून बायोडेटा. दोन्ही ठिकाणी सारखाच मजकूर येतो, परंतु तो बरोबर असेलच असे नाही. पडताळणी संस्था या दोहोंची केवळ एकमेकांशी तुलना करून थांबत नाही. उमेदवाराने भरून, सही करून दिलेला माहितीचा अर्ज ती आधीच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे ताडून पाहते. तेथे नोंद असते ती रुजू झाल्याच्या तारखेची, कार्यमुक्तीच्या तारखेची आणि अखेरच्या पदनामाची. म्हणून बायोडेटा आणि प्रोफाइल या दोघांचाही मेळ घालायचा तो तिसऱ्याशी, म्हणजे मूळ कागदपत्रांशी.

हे कागद फार नाहीत. नेमणूकपत्र, बढतीचे पत्र, अनुभव प्रमाणपत्र आणि कार्यमुक्तीचे पत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातले रिलीव्हिंग लेटर, एवढे प्रत्येक नोकरीचे हाताशी असावे. याला जोड मिळते ती भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीची. २०१४ मध्ये सुरू झालेल्या युनिव्हर्सल अकाउंट नंबरमुळे, म्हणजेच यूएएनमुळे, एका सदस्याच्या सर्व नोकऱ्या एका क्रमांकाखाली येऊ लागल्या. निधीच्या सदस्य पोर्टलवर `Service History` या नावाने आस्थापनेचे नाव, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख पाहता येते. अनेक कंपन्या उमेदवाराकडून ही नोंद मागवून घेतात. तेव्हा ती त्यांच्या आधी स्वतः पाहिलेली बरी.

या नोंदीच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. तिच्यात पदनाम नसते. निधी लागू नसलेल्या लहान आस्थापनेतील नोकरी तिच्यात सापडत नाही. आणि पुष्कळदा जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेलीच नसते, त्यामुळे ती नोकरी कागदोपत्री चालूच दिसते. ही शेवटची उणीव सदस्याला स्वतः दूर करता येते. अखेरच्या वर्गणीला दोन महिने उलटल्यावर, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाच्या आधारे, `Mark Exit` या पर्यायातून ती तारीख भरायची असते. नवी नोकरी शोधायला लागण्यापूर्वीच हे काम उरकावे.

एक उदाहरण

पुण्यातील एका सॉफ्टवेअर चाचणी अभियंत्याचे कल्पित उदाहरण घेतल्यास तफावत कशी साचत जाते ते स्पष्ट होईल. हा अभियंता ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या नोकरीसाठी अर्ज करतो. त्याच्या बायोडेटात तीन नोकऱ्या आहेत आणि त्यांपुढे केवळ वर्षे दिली आहेत : २०१५ ते २०१८, २०१८ ते २०२१ आणि २०२१ पासून पुढे. प्रोफाइलवर पहिली नोकरी जुलै २०१५ ते मार्च २०१८ अशी आहे. दुसरी मार्च २०१८ पासून चालू आहे, तर तिसरी ऑक्टोबर २०२१ पासून चालू आहे. दुसरीपुढे अखेरची तारीखच नाही. बायोडेटाच्या पहिल्या ओळीत 'साडेआठ वर्षांचा अनुभव' आहे, तर प्रोफाइलच्या शीर्षकात 'नऊ वर्षांहून अधिक'.

कागदपत्रे काढून पाहिल्यावर निराळेच चित्र दिसते. पहिल्या नोकरीचे नेमणूकपत्र जुलै २०१५ चे आहे, परंतु प्रत्यक्ष रुजू होण्याची तारीख १७ ऑगस्ट आहे. प्रोफाइल भरताना पत्राच्या माथ्यावरील तारीख घेतली गेली. राजीनामा ११ डिसेंबर २०१७ रोजी दिला, साठ दिवसांची नोटीस भरली आणि ९ फेब्रुवारी २०१८ रोजी कार्यमुक्ती मिळाली. दुसऱ्या नोकरीत तो २६ मार्च २०१८ रोजी रुजू झाला. म्हणजे मध्ये सुमारे दीड महिना तो घरी होता. प्रोफाइलवर पहिली नोकरी मार्चपर्यंत ताणल्याने हा दीड महिना नाहीसा झाला आणि बायोडेटात केवळ वर्षे लिहिल्याने तो दिसलाच नाही. दुसरी नोकरी ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली आणि तिसरी ११ ऑक्टोबर रोजी सुरू झाली.

हा दीड महिना लपविण्याजोगा होता का, हा प्रश्न येथे विचारायला हवा. दोन नोकऱ्यांमधील सहा आठवड्यांची फट कोणताही समंजस मनुष्यबळ अधिकारी मनावर घेत नाही. ती झाकण्यासाठी केलेली तारखांची ओढाताण मात्र तो घेतो, कारण जो एका महिन्यासाठी तारीख बदलतो तो आणखी कशासाठी काय बदलत असेल, अशी शंका त्याच्या मनात येते. केवळ वर्षे लिहिण्याची पद्धतही यामुळेच संशयास्पद ठरते. डिसेंबर २०१७ मध्ये सोडलेली नोकरी आणि डिसेंबर २०१८ मध्ये धरलेली नोकरी या दोहोंमधील पूर्ण वर्ष '२०१७' आणि '२०१८' या दोन आकड्यांत बेमालूम मावते, हे भरती करणाऱ्यांना चांगलेच ठाऊक असते.

आता एकूण अनुभवाकडे वळू. कार्यमुक्ती पत्रांतील तारखा धरल्यास पहिल्या नोकरीची २ वर्षे आणि जवळजवळ ६ महिने होतात, दुसरीची ३ वर्षे ६ महिने आणि तिसरीची ऑगस्ट २०२४ पर्यंत २ वर्षे १० महिने. बेरीज ८ वर्षे १० महिने. मग बायोडेटातील साडेआठ वर्षे कोठून आली? ती ओळ चार महिन्यांपूर्वी लिहिली होती, नंतर कोणी हात लावला नाही. आणि प्रोफाइलवरील नऊ वर्षे जुलै २०१५ पासून आजतागायत सलग मोजल्याने झाली. दोन्ही आकडे चुकले, दोन्हींमागे खोटेपणा नाही आणि तरीही एकत्र वाचल्यावर ते वाईट दिसतात.

येथे संकेतस्थळाच्या मोजणीचीही एक गंमत आहे. लिंक्डइनवर तारीख भरताना दिवस नसतो, केवळ महिना आणि वर्ष असते, आणि कालावधी मोजताना पहिला व शेवटचा असे दोन्ही महिने पूर्ण धरले जातात. त्यामुळे ऑगस्ट २०१५ ते फेब्रुवारी २०१८ ही नोकरी तेथे २ वर्षे ७ महिने दिसते. या अभियंत्याने सर्व तारखा अचूक भरल्या, तरी तीन नोकऱ्यांपुढे दिसणाऱ्या कालावधींची बेरीज ९ वर्षे १ महिना होईल, म्हणजे प्रत्यक्षाहून तीन महिने जास्त. नोकऱ्या जितक्या अधिक तितका हा फुगवटा मोठा. म्हणून एकूण अनुभवाचा आकडा संकेतस्थळावरून उचलू नये. तो पत्रांतील तारखांवरून काढावा आणि दोन्हीकडे सारखा लिहावा. शीर्षकात आकडा न देता केवळ कामाचे स्वरूप दिले तर दर काही महिन्यांनी तो बदलण्याची कटकटही वाचते.

पदनामाचा पेच

तारखांपेक्षा अवघड प्रकरण पदनामाचे आहे, कारण येथे प्रामाणिक माणसालाही उत्तर सहज सापडत नाही. वरील अभियंत्याला दुसऱ्या कंपनीने दिलेले पदनाम 'असोसिएट कन्सल्टंट' होते. बाहेरच्या माणसाला त्यातून काहीच बोध होत नाही. प्रत्यक्षात तो चाचणी करणाऱ्या चमूचे दैनंदिन काम पाहत होता, म्हणून बायोडेटात त्याने 'टेस्ट लीड' लिहिले. प्रोफाइल भरताना उत्साहाच्या भरात 'क्यूए मॅनेजर' झाले. पडताळणीत जुन्या कंपनीकडून उत्तर येईल ते 'असोसिएट कन्सल्टंट' असेच.

यातील 'टेस्ट लीड' हे कामाचे वर्णन आहे आणि ते खरे आहे. 'मॅनेजर' हा मात्र अधिकाराचा दर्जा आहे आणि तो त्याला मिळालेला नव्हता. ही सीमारेषा ओळखणे महत्त्वाचे. पदनामाच्या रकान्यात पत्रातील पदनाम जसेच्या तसे लिहावे आणि त्याला जोडून कामाचे क्षेत्र द्यावे, उदाहरणार्थ 'असोसिएट कन्सल्टंट, सॉफ्टवेअर टेस्टिंग'. चमूचे काम पाहिल्याचा उल्लेख खालच्या वर्णनात करावा. बायोडेटातही हीच रचना ठेवावी. भरती करणारे 'टेस्ट लीड' असे शब्द टाकून शोध घेतात, ही अडचण खरी आहे. परंतु हे शब्द प्रोफाइलच्या शीर्षकात किंवा वर्णनात आले तरी तेथे त्यांना जागा आहे. शीर्षक हा उमेदवाराने स्वतःचा करून दिलेला परिचय असतो. अनुभवाचा रकाना म्हणजे कंपनीने काय दिले याची नोंद असते.

बढती मिळाली असल्यास दोन पदनामे वेगवेगळी, आपापल्या तारखांसह लिहावीत. अखेरचे पदनाम संपूर्ण कालावधीला लावण्याची सवय बरीच रूढ आहे. जुनी कंपनी बहुधा अखेरचेच पदनाम कळवत असल्याने ती खपूनही जाते. पण त्या काळातील एखादा वरिष्ठ संदर्भासाठी दूरध्वनीवर बोलला की दोन वर्षे हा माणूस साधा अभियंता होता, हे सहज बोलण्यात येते.

कंपनीच्या नावाचा घोळ आणखी निराळा. या अभियंत्याची पहिली नोकरी मनुष्यबळ पुरविणाऱ्या एका कंपनीच्या पटावर होती आणि काम होते एका बँकेच्या कार्यालयात. गळ्यात ओळखपत्र बँकेचे, पगार मात्र दुसरीकडून. बायोडेटा आणि प्रोफाइल दोन्हींत त्याने बँकेचे नाव लिहिले. येथे दोहोंत तफावत नाही, तरीही पडताळणीत हीच नोंद सर्वांत आधी अडकेल, कारण बँकेच्या मनुष्यबळ विभागाकडे या नावाचा कर्मचारीच नाही आणि भविष्य निर्वाह निधीत आस्थापना दुसरीच आहे. कंपनीच्या रकान्यात पगार देणाऱ्या कंपनीचे नाव आणि वर्णनात 'अमुक बँकेच्या प्रकल्पावर नियुक्त' असे लिहिणे हाच यावरचा उपाय. अर्थात, ग्राहकाचे नाव जाहीर न करण्याचा करार असेल तर प्रोफाइलवर 'एका खासगी बँकेच्या' एवढेच लिहावे.

विलीनीकरणामुळे नाव बदललेल्या कंपन्यांतील जुन्या कर्मचाऱ्यांचाही असाच गोंधळ होतो. पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स २०११ मध्ये आयगेटकडे गेली आणि आयगेट २०१५ मध्ये कॅपजेमिनीने घेतली. सत्यम २०१३ मध्ये टेक महिंद्रात विलीन झाली. २०१० मध्ये पटनी सोडलेल्या माणसाच्या पत्रावर पटनीच असणार. त्याने प्रोफाइलवर कॅपजेमिनी निवडले आणि बायोडेटात पटनी लिहिले तर वाचणाऱ्याला या दोन वेगळ्या नोकऱ्या वाटू शकतात. पत्रावरचे नाव आधी आणि 'आता कॅपजेमिनी' असा उल्लेख पुढे, हा क्रम दोन्हीकडे ठेवल्यास प्रश्न उरत नाही.

शिक्षण आणि दावे

शिक्षणाच्या नोंदीत महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांचा नेहमीचा घोटाळा एटीकेटीचा. वर्गमित्रांबरोबर शेवटचे वर्ष २०१४ मध्ये संपले, एक विषय राहिला आणि पदवी मिळाली २०१५ मध्ये. प्रोफाइलवर '२०१० ते २०१४' राहते, कारण तेथे ते मित्रांशी जुळते. विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावर मात्र २०१५ असते. उत्तीर्ण झाल्याचे वर्ष दोन्हीकडे लिहावे. दुसरा घोटाळा अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांचा. काही महिन्यांचा व्यवस्थापन कार्यक्रम प्रोफाइलवर पदवीच्या रकान्यात भरला की पाहणाऱ्याला तो एमबीए वाटतो. असे अभ्यासक्रम प्रमाणपत्रांच्या विभागात जावेत.

पदवीच्या एका जादा शब्दाची किंमत किती असू शकते, हे २०१२ मध्ये अमेरिकेत दिसले. याहू कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्कॉट थॉम्पसन यांच्या अधिकृत परिचयात लेखाशास्त्र आणि संगणकशास्त्र अशा दोन विषयांतील पदवीचा उल्लेख होता. मॅसॅच्युसेट्समधील स्टोनहिल कॉलेजने त्यांना दिलेली पदवी केवळ लेखाशास्त्राची होती. कंपनीच्या एका मोठ्या भागधारक संस्थेने मे महिन्यात ही विसंगती उघड केली आणि पंधरवड्याच्या आत थॉम्पसन यांना पद सोडावे लागले. जानेवारीत ते रुजू झाले होते.

कामगिरीच्या दाव्यांची पडताळणी मात्र कोणत्याही पत्रावरून होत नाही. ती होते मुलाखतीत आणि जुन्या वरिष्ठांशी होणाऱ्या संभाषणात. बायोडेटात 'बारा जणांच्या चमूत काम केले' आणि प्रोफाइलवर 'बारा जणांच्या चमूचे नेतृत्व केले' असे असेल, तर मुलाखत घेणारा नेमके यावरच बोट ठेवील. आकड्यांचेही तसेच. चाचणीचा वेळ एकीकडे तीस टक्के आणि दुसरीकडे चाळीस टक्के कमी झाला असेल, तर दोन्ही आकडे अविश्वसनीय ठरतात. आकडा कशाच्या तुलनेत, किती काळात आणि कोणी मोजला हे दोन वाक्यांत सांगता येत नसेल, तर तो दोन्हीकडून काढून टाकणे शहाणपणाचे. बारा जणांपैकी प्रत्यक्षात चौघांचे काम वाटून देत असेल, तर 'बारा जणांच्या चमूतील चौघांच्या कामाचे नियोजन' हे वाक्य थोडे लांबलचक असले तरी ते जुन्या वरिष्ठांसमोर टिकते.

याचा अर्थ दोन्हीकडे शब्द न् शब्द सारखा हवा असा नाही. बायोडेटा एका जागेसाठी लिहिलेला असल्याने त्यात असंबद्ध जुनी नोकरी दोन ओळींत आटोपता येते. प्रोफाइल सार्वजनिक असल्याने त्यात कंपनीचे गोपनीय आकडे देऊ नयेत. एकीकडे कमी आणि दुसरीकडे जास्त माहिती असणे चालते. एकीकडे एक आणि दुसरीकडे त्याच्या विरुद्ध, हे चालत नाही.

दुरुस्ती कशी करावी

दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी प्रोफाइलची आहे तशी प्रत `Save to PDF` या पर्यायाने उतरवून घ्यावी. त्यानंतर कोऱ्या कागदावर प्रत्येक नोकरीसमोर पत्रातील कंपनीचे नाव, पदनाम, रुजू झाल्याची आणि कार्यमुक्तीची तारीख लिहावी, मग बायोडेटा दुरुस्त करावा आणि शेवटी प्रोफाइल. प्रोफाइलला हात लावताना `Notify network` हे बटण बंद आहे ना, हे पाहून घ्यावे. अन्यथा २०२१ मधील नोकरीची तारीख बदलताच ओळखीच्या मंडळींकडून अभिनंदनाचे संदेश येऊ लागतात. सध्याच्या कार्यालयातील वरिष्ठांनाही तो बदल नेमका नको त्या वेळी दिसतो. जुन्या नोकरीतील 'सध्या येथे कार्यरत' ही खूण काढून अखेरचा महिना भरायला विसरू नये.

हे सारे अर्ज करण्यापूर्वीचे झाले. पडताळणी सुरू असताना प्रोफाइल गुपचूप बदलणे धोक्याचे, कारण संस्थेकडे आधीच्या पानाची प्रत असू शकते आणि मग साधी चूक ही लपवाछपवी ठरते. अनेक संस्था आपल्या अहवालात हिरवा, पिवळसर आणि लाल असे शेरे देतात. किरकोळ तफावतीला सहसा मधला रंग मिळतो आणि निर्णय नव्या कंपनीवर सोपविला जातो. किती दिवसांचा फरक चालवून घ्यायचा हे प्रत्येक कंपनी आपापल्या धोरणानुसार ठरविते. त्यामुळे मित्राच्या कंपनीत चालले म्हणून येथेही चालेल, असे गृहीत धरू नये. नेमणूकपत्रात चुकीच्या माहितीबद्दल नोकरी संपुष्टात आणण्याचे कलम सर्रास असते आणि रुजू झाल्यानंतरही ते लागू राहते.

चूक लक्षात आली आणि अर्ज आधीच गेला असेल, तर विचारणा होण्याची वाट न पाहता मनुष्यबळ विभागाला लेखी कळवावे. वरील अभियंत्याने पाठवायचा मजकूर फार मोठा नाही. दुसऱ्या कंपनीतून आपण ३० सप्टेंबर २०२१ रोजी कार्यमुक्त झालो, प्रोफाइलवर ती तारीख भरावयाची राहिली होती, पहिल्या नोकरीत रुजू होण्याची तारीख १७ ऑगस्ट २०१५ असून नियुक्ती मनुष्यबळ पुरवठादार कंपनीमार्फत होती, असे लिहावे. सोबत दोन्ही कार्यमुक्ती पत्रे आणि निधीची नोंद जोडावी. प्रोफाइल कोणत्या तारखेला दुरुस्त केले तेही त्याच ई-मेलमध्ये नमूद करावे.